राखीनंतर सावन उरतच नाही! एकच पॉडकास्ट मराठीत आणि हिंदीत करताना



"भैया, एपिसोड अच्छा था। पर राखी के बाद सावन कहाँ बचता है?"

2024 च्या ऑगस्टमध्ये मला आलेला हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. पाठवणारा मूळचा बिहारचा, आता आमच्या नाशिकमध्ये सातपूरला छोटं जनरल स्टोअर चालवतो. मी त्याला हिंदी एपिसोडची लिंक मोठ्या अभिमानाने पाठवली होती. विषय होता "सणाचा माल किती भरायचा". मराठी एपिसोड चांगला चालला होता, म्हणून तीच स्क्रिप्ट समोर ठेवून एका संध्याकाळी वाक्याला वाक्य हिंदी केलं आणि रेकॉर्ड करून टाकलं.

त्यात एक वाक्य होतं: राखी पौर्णिमा झाली की श्रावणाचा उरलेला पंधरवडा हाच मखराचा दुसरा लॉट भरायचा काळ. हिंदीत मी म्हणालो, "राखी के बाद सावन के जो पंद्रह दिन बचते हैं..." आणि तिथेच फसलो.

चूक फक्त महिन्याची असती तर एक वाक्य कापून विषय संपला असता. पण ती दुरुस्त करायला बसलो आणि लक्षात आलं की दुसऱ्या भाषेत नेताना माझा व्यवसायाचा सल्लाच एका ठिकाणी उलटा होणार होता. तुमच्यापैकी बरेच जण आता मराठीबरोबर हिंदीतही ऑडिओ करायच्या विचारात आहेत, म्हणून तो सगळा प्रकार आज आकड्यांसकट सांगतो.

आधी ते श्रावणाचं प्रकरण

आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो. उत्तरेत, म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थानात, तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीच्या दिवशी संपतो. 2024 मध्ये त्यांचा सावन 22 जुलैला सुरू झाला आणि 19 ऑगस्टला, राखीला, संपला. आपला श्रावण 5 ऑगस्टला लागला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पोळ्याला संपला. राखी दोघांची एकाच दिवशी. आपल्यासाठी ती श्रावणाच्या मध्यावर, त्यांच्यासाठी शेवटच्या दिवशी.

लक्षात ठेवायला सोपं आहे. शुक्ल पक्षात, म्हणजे चंद्र वाढत असताना, दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं. कृष्ण पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढे असतं. म्हणून आपली धनत्रयोदशी आश्विनातली आणि त्यांचा धनतेरस कार्तिकातला. आपला पितृपक्ष भाद्रपदातला, त्यांचा आश्विनातला. दिवस तोच, नाव वेगळं.

आता यात धंद्याचं काय? समजा तुमचं पूजा साहित्याचं दुकान आहे आणि तुम्ही हिंदीत सांगितलं, "सावन लगने से दस दिन पहले माल मँगवा लो", पण डोक्यात तारीख आपल्या श्रावणाची होती. ऐकणाऱ्याने इंग्रजी तारीख तुमच्याकडूनच घेतली तर त्याचा माल सावन लागून पाच दिवस झाल्यावर पोचेल. पहिला सोमवार हातचा गेलेला असू शकतो.

माझा नियम आता असा आहे की ऑडिओत महिन्याचं नाव घ्यायचंच नाही. "राखीच्या वीस दिवस आधी", "धनतेरस से पंद्रह दिन पहले" असं सणापासून मागे मोजायचं. ते दोन्ही भाषांत बरोबर येतं.

उदाहरण बदललं आणि सल्ला उलटा झाला

आता मुख्य गोष्ट. मराठी एपिसोडचा कणा होता मखराचं उदाहरण. मी दुकानात पुठ्ठ्याची घडीची मखरं ठेवतो. हिशेब असा सांगितला होता.

एक मखर मला 400 रुपयांना पडतं, विकतो 600 ला. गणेश चतुर्थीची सकाळ उलटली की त्याला कोणी विचारत नाही. उरलेलं मखर कसंबसं 150 ला जातं. समजा मी 100 मखरं आणली आणि गिऱ्हाईक 80 आलं. खर्च 40,000. विक्रीतून 48,000 आले, उरलेल्या 20 मखरांचे 3,000. एकूण 51,000, नफा 11,000. आता समजा मी 75 च आणली असती. खर्च 30,000, विक्री 45,000, नफा 15,000. पाच गिऱ्हाइकं परत गेली, तरी चार हजार जास्त सुटले. एपिसोडचं वाक्य होतं: "पंचाहत्तर मखरांनी शंभरपेक्षा जास्त कमावून दिलं." बऱ्याच जणांनी तेच वाक्य मला परत ऐकवलं, म्हणजे ते बसलं होतं.

हिंदी ऐकणाऱ्याला मखर कळेना. घरोघरी गणपती आणि त्यासाठी मखर हे चित्र कानपूरच्या किंवा पाटण्याच्या दुकानदाराच्या डोळ्यासमोर आपोआप येत नाही. "मखर यानी सजावट का मंडप" असं समजावत बसलो तर अर्धा मिनिट जातो आणि हिशेब ऐकायच्या आधीच माणूस कंटाळतो. म्हणून उदाहरण बदलायचं ठरवलं.

पहिला विचार आला दिवाळीच्या लायटिंगच्या माळांचा. सगळ्यांना माहीत, सगळीकडे विक्री. पण माळ दिवाळीनंतर मरत नाही. लग्नात जाते, नाताळात जाते, पुढच्या दिवाळीला जाते. माझ्या उदाहरणाचं कामच हे होतं की एका ठरावीक दिवशी मालाची किंमत पडते. माळ ते काम करत नाही. बाद.

दुसरा विचार छठचा. सूप आणि दउरा, म्हणजे बांबूची मोठी टोपली, यांची खरेदी दिवाळीनंतरच्या त्या पाच-सहा दिवसांत होते आणि छठ झाली की मागणी एकदम खाली. काम अगदी तेच. पण छठ घराघरात आहे ती मुख्यतः बिहार, झारखंड आणि पूर्व उत्तर प्रदेशात. इंदूर किंवा जयपूरच्या दुकानदाराने ती ऐकलेली असते, पण तिचा माल भरलेला नसतो. माझ्या हिंदी श्रोत्यांमध्ये दोन्हीकडचे लोक होते, म्हणून हेही बाजूला ठेवलं.

तिसरा विचार राखी. सगळ्या हिंदी पट्ट्यात ओळखीची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची किंमत शून्य. मी खूश झालो. राखी घेऊन हिशेब मांडला.

राखी पडते 12 रुपयांना, विकते 30 ला, उरली तर शून्य. गिऱ्हाईक 800 राख्यांचं धरलं. बरोबर 800 आणल्या तर नफा 14,400. 1000 आणल्या, म्हणजे 200 जास्त, तर नफा 12,000. तोटा 2,400 चा. आणि 600 च आणल्या, म्हणजे 200 कमी, तर नफा 10,800. इथे 3,600 गेले!

म्हणजे राखीत माल कमी पडणं हे माल उरण्यापेक्षा महाग पडतं. मखराचं उलट आहे. तिथे 20 जास्त आणली तर 5,000 जातात, 20 कमी आणली तर 4,000. मी मराठीत "हात आखडता ठेवा" सांगत होतो आणि राखीचं उदाहरण देऊन हिंदीत तेच सांगितलं असतं तर तो सल्ला चुकीचा ठरला असता. सण बरोबर, भावना बरोबर, भाषाही शुद्ध, आणि तरी ऐकणाऱ्याचं नुकसान.

कारण साधं आहे. प्रत्येक मालाला दोन आकडे असतात. एक, गिऱ्हाईक परत गेलं तर किती गेले? म्हणजे विक्री किंमत वजा खरेदी. दोन, माल उरला तर किती गेले? म्हणजे खरेदी वजा उरलेल्याचे जे मिळतील ते. मखराला हे आकडे 200 आणि 250. साध्या राखीला 18 आणि 12. दुसरा आकडा मोठा असेल तर कमी भरा, पहिला मोठा असेल तर थोडा जास्त भरा. उदाहरण बदलताना सण जुळतो का एवढंच मी बघत होतो. खरं तर हे दोन आकडे जुळतात का ते बघायला हवं होतं.

मग हिंदीत काय ठेवलं?

सातपूरच्या त्या मित्रालाच विचारलं. तो म्हणाला, "सादी राखी का टेंशन नहीं, वो तो निकल जाती है। फँसता है भैया-भाभी वाला सेट।" भाऊ आणि वहिनी दोघांची राखी एका डब्यात, वर सजावट. त्याचा आकडा घेतला. खरेदी 90, विक्री 140, राखी झाल्यावर डब्यासकट फार तर 20 रुपये. म्हणजे गिऱ्हाईक गेलं तर 50 जातात, माल उरला तर 70. मखरासारखंच.

गिऱ्हाईक 320 सेटचं धरलं. 400 सेट आणले तर खर्च 36,000. विक्रीतून 44,800, उरलेल्या 80 सेटचे 1,600. नफा 10,400. आणि 300 च आणले तर खर्च 27,000, विक्री 42,000, नफा 15,000. आता हिंदीतही वाक्य तयार झालं: "तीन सौ सेट ने चार सौ से ज़्यादा कमा के दिया।" आणि त्याला जोडून त्याच्याच बोलण्यातून आणखी एक मिळालं: "सादी राखी भर के रखो, सेट गिन के रखो।" हे दुसरं वाक्य माझ्या मराठी स्क्रिप्टमध्ये नव्हतंच.

ही आकडेमोड समजावण्यासाठी घेतलेली आहे. तुमच्या गावात, तुमच्या होलसेलरकडे भाव वेगळे असतील. उरलेला माल तो परत घेत असेल तर दुसरा आकडा एकदम लहान होतो आणि मग थोडा जास्त माल भरायला हरकत नाही. एपिसोडमध्ये हेही एका वाक्यात सांगा.

आता माझी कामाची पद्धत

तेव्हापासून मी मराठी स्क्रिप्ट समोर ठेवून हिंदी करत नाही. आधी एका पानावर सांगाडा काढतो, त्यात उदाहरण नसतं. या एपिसोडचा सांगाडा पाच ओळींचा होता. एक, असा माल ज्याची किंमत एका दिवशी पडते. दुसरी, जास्त भरला तर काय होतं त्याचा हिशेब. तिसरी, कमी भरला तर काय होतं त्याचा हिशेब. चौथी, आपले दोन आकडे कसे काढायचे. पाचवी, ऑर्डर दोन लॉटमध्ये कशी द्यायची. या पाच ओळी दोन्ही भाषांना सारख्या.

मग प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने: मराठी उदाहरण, हिंदी उदाहरण. उदाहरण लिहिलं की तिथेच त्याचे दोन आकडे लिहायचे. जुळले तरच पुढे जायचं. काही गोष्टींना रकाना लागतच नाही. जीएसटी, यूपीआय, बँकेचं व्याज या सगळीकडे त्याच आहेत, उगाच "स्थानिक" करायला जाऊ नका.

त्यानंतर दोन्ही स्क्रिप्ट स्वतंत्र लिहायच्या. या टप्प्यावर शब्द बघायचे, कारण बाजाराचे शब्द डिक्शनरीने बदलत नाहीत. आपण सकाळी म्हणतो "अजून भवानी झाली नाही". हिंदीत ती "बोहनी". आपली भिशी दिल्लीकडे "कमेटी" होते, मध्य प्रदेशात "बीसी". आपण इसार देतो, ते बयाना देतात. किरकोळ म्हणजे फुटकर, भांडवल म्हणजे पूँजी, सुट्टे म्हणजे छुट्टे किंवा खुल्ले. आणि काही शब्द तर सारखे दिसून फसवतात. मराठीत "शिक्षा" म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. आपण "चेष्टा केली" म्हणतो ती थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. "संसार" आपला घरातला, त्यांचा अख्खं जग!

आपल्या मराठी माणसाच्या हिंदीतल्या दोन खोडी मी लाल पेनाने गोल करून ठेवतो. एक म्हणजे "मेरा दुकान". हिंदीत दुकान स्त्रीलिंगी आहे, "मेरी दुकान". दुसरी म्हणजे "मैं माल लिया". मराठीत "मी माल घेतला" चालतं, हिंदीत "मैंने माल लिया" लागतं. समोर बसून बोलताना कोणी मनावर घेत नाही. पण बारा मिनिटं नुसता आवाज ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी खटकतं आणि त्याचं लक्ष हिशेबावरून उडतं.

आकडे स्क्रिप्टमध्ये अक्षरात लिहा. कागदावर 59 लिहिलं असेल तर मराठी डोकं "एकोणसाठ" म्हणायला जातं आणि हिंदीत "उनसठ" म्हणताना अडखळतं. मी तर हिंदी उदाहरणात मुद्दाम गोल आकडे घेतो. तीन सौ, चार सौ. कानाने ऐकणाऱ्याला तेच पेलतात.

वेळेचंही सांगतो. मराठीत मी मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे दीड हजार शब्दांचा एपिसोड बारा मिनिटांचा. पहिली हिंदी स्क्रिप्ट शब्द मोजल्यावर लांब वाटली म्हणून मी एक मुद्दा कापला आणि पस्तावलो. आपलं "दुकानात" हा एक शब्द, हिंदीत "दुकान में" दोन. शब्द वाढतात, वेळ तेवढा वाढत नाही. म्हणून शब्द मोजू नका, मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा.

जमलं की नाही, कसं कळणार?

"कसा वाटला एपिसोड?" हा प्रश्न विचारूच नका. सगळे "मस्त" म्हणतात. मी रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रिप्ट त्या भाषेच्या दोन दुकानदारांना वाचून दाखवतो आणि शेवटी एकच प्रश्न विचारतो: "तुमच्या दुकानातली कोणती वस्तू तुम्ही पुढच्या वेळी कमी आणाल, आणि किती कमी?"

उत्तरात त्यांच्या दुकानातली वस्तू आणि आकडा आला, तर उदाहरणाने काम केलं. उत्तरात माझीच वस्तू परत आली, "राखी सेट कम लाऊँगा" एवढंच, आणि त्यांचं दुकान असतं चपलांचं, तर उदाहरण लक्षात राहिलं पण मुद्दा पोचला नाही. मग मी सांगाड्याची चौथी ओळ, दोन आकडे कसे काढायचे ती, आणखी एका वेगळ्या मालावर करून दाखवतो. आणि उत्तराऐवजी ते मध्येच सणावर बोलायला लागले, "हमारे यहाँ तो ऐसा नहीं होता", तर उदाहरण बदला. आधी मला तो मेसेज आला होता एपिसोड टाकल्यानंतर. आता तसा प्रश्न रेकॉर्डिंगच्या आधी येतो, एवढाच फरक.

एक मर्यादा मान्य करतो. हिंदी बोलणारा माणूस एक नाही. पाटण्याचं उदाहरण जयपूरला चालेलच असं नाही, जसं कोकणातल्या गणपतीचं उदाहरण विदर्भात त्याच जोराने लागत नाही. त्यामुळे स्क्रिप्ट लिहिताना मी एक माणूस डोळ्यासमोर ठेवतो. हिंदीसाठी तो सातपूरचा दुकानदार. तो जिथे अडकेल तिथे मी थांबतो.

आणि शेवटी त्याच्यामुळे मराठी एपिसोडही बदलला. "सादी राखी भर के, सेट गिन के" ऐकल्यावर मी माझ्याच दुकानाकडे बघितलं. मखराचे दोन आकडे मला पाठ होते, पण गणपतीच्या मागे लावायच्या कागदी पंख्यांचे मी कधी काढलेच नव्हते. पडतात 15 ला, जातात 40 ला, आणि उरले तर पुढच्या वर्षी चालतात. दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री तेच संपतात आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पुढच्या वर्षी मखरं 75 च आणली, पंखे दुप्पट आणले. मराठी एपिसोड परत रेकॉर्ड केला आणि त्यात नवीन वाक्य घातलं: "मखर मोजून, पंखे भरून."

तुमच्या दुकानातल्या कोणत्याही दोन वस्तू घ्या, एक महाग आणि एक स्वस्त. दोघींचे दोन-दोन आकडे कागदावर काढा आणि कमेंटमध्ये टाका. हिंदीत टाकलेत तरी चालेल. फक्त सावन कधी संपतो ते मला आता माहीत आहे!